जुन्या फोटोची डागदुरुस्ती सदोष. रंगीत स्कॅन करून काम पुन्हा करून द्यावे

प्रति,
व्यवस्थापक, फोटो दुरुस्ती विभाग

महोदय,

आजोबांच्या कलाभवनमधल्या वर्गाचा कृष्णधवल ग्रुप फोटो मी आपल्या बडोद्याच्या शाखेत दिला होता. त्यावर दमटपणाने आलेले तपकिरी ठिपके, मधोमध पिवळी पडलेली चिकटपट्टी आणि डाव्या कोपऱ्यात पेपरक्लिपचा गंज आहे. आपण दिलेल्या फाइलमध्ये डाग पुसट झालेत, पण चेहरे मेणासारखे गुळगुळीत झालेत. मिशांचे केस आणि पगड्यांच्या घड्या उरलेल्या नाहीत.

कारण फाइलमध्येच दिसते. फोटोशॉपच्या `Image > Mode` मध्ये `Grayscale` आहे, म्हणजे स्कॅनच रंगाविना झाला. काउंटरवर विचारले तर, "फोटो काळा-पांढराच आहे, रंगीत स्कॅन कशाला?" असे उत्तर मिळाले. अहो, फोटो करडा आहे, डाग करडे नाहीत! पिवळा-तपकिरी डाग निळ्या चॅनेलमध्ये सर्वांत गडद दिसतो आणि लाल चॅनेलमध्ये सर्वांत फिका. फोटो देण्यापूर्वी मी मोबाइलवर त्याचे रंगीत छायाचित्र घेतले होते. त्याचे चॅनेल वेगळे केले, तर लालमध्ये बहुतेक ठिपके दिसेनासे होतात. पट्टीच्या फक्त दोन कडा उरतात आणि तिच्याखालचे चेहरे स्वच्छ दिसतात. ग्रेस्केलमध्ये मात्र डाग आणि काळा कोट यांतला फरकच मिटला. मग आपल्या कारागिराने सगळ्या फोटोवर `Dust & Scratches` फिल्टर फिरवले असावे, त्यात बारकावे गेले.

सगळे लाल चॅनेलने सुटणार नाही, हे मला मान्य आहे. गंज दाट असेल तिथे तो लालमध्येही काळाच राहतो, आणि क्लिपने पडलेल्या खाचेची सावली स्कॅनमध्ये येते. त्यासाठी फोटो फिरवून दुसरा स्कॅन घ्यावा आणि उरलेले हाताने भरावे. उजवीकडे चित्रच विटून तपकिरी झाले आहे. तिथे लाल चॅनेल घेतला तर डागासोबत चित्रही फिके पडेल, म्हणून तेवढ्या भागात मास्क लावून हिरवा चॅनेल वापरावा.

मूळ फोटो अजून आपल्याकडेच आहे. कृपया तो ६०० डीपीआयला, १६-बिट आरजीबीमध्ये, स्कॅनरची आपोआप होणारी रंगसुधारणा आणि धूळ-सफाई बंद ठेवून पुन्हा स्कॅन करावा. दुरुस्त फाइलसोबत हात न लावलेला टिफ स्कॅनही द्यावा. चिकटपट्टी कोणत्याही परिस्थितीत ओढून काढू नये. तिच्यासोबत चित्राचा थर निघाला, तर तिथले चेहरे कोणत्याच चॅनेलमध्ये सापडणार नाहीत.

हे काम जादा आकार न घेता व्हावे, ही विनंती. जमणार नसेल तर मूळ फोटो आणि भरलेली पूर्ण रक्कम ८ दिवसांत परत करावी.

आपला,
एक ग्राहक
दांडिया बाजार, बडोदे