अजून तासभर झोपा, असं सांगायला जिना चढून आलेल्या ड्रायव्हरभाईंना

भाईसाहेब,

सादर नमस्कार. तुमचं नाव इथे लिहायची परवानगी मी मागितलेली नाही, म्हणून लिहीत नाही. द्रासच्या त्या मुक्कामात तळमजल्यावर उतरलेले, रिकामी गाडी घेऊन सोनमर्गला निघालेले तुम्ही, एवढी ओळख तुम्हाला पुरेल. हे पत्र माझा भाऊ हिंदीत करून तुमच्यापर्यंत पोचवणार आहे. पण मला ते आधी माझ्या भाषेत लिहायचं होतं. बाबा आज नीट श्वास घेताहेत, समोर बसून वर्तमानपत्र वाचताहेत, आणि त्यात तुमचा वाटा आहे हे चार लोकांना कळावं असं फार वाटतं.

तुम्ही भेटलात त्या संध्याकाळी आम्ही कशा अवस्थेत होतो ते तुम्ही पाहिलंतच. सकाळी कारगिलहून सोनमर्गला निघालो होतो. वाटेतल्या झोजिला खिंडीचा रस्ता एप्रिलअखेर बर्फ कापून मोकळा केलेला असतो, बऱ्याच ठिकाणी एकाच गाडीपुरता. म्हणून एका वेळी एकाच दिशेची वाहतूक सोडतात. लहान गाड्यांची वेळ वेगळी, ट्रकची वेगळी, आणि रोजचा आदेश आदल्या दिवशी निघतो. त्या दिवशी मिनामर्गच्या नाक्यावरून सोनमर्गकडे लहान गाड्या सकाळी 5 ते 11 सोडणार होते. ज्यांच्यामार्फत ही सहल ठरवली होती त्यांनी हिशेब करून दिला: कारगिल ते द्रास 60 किलोमीटर, पुढे नाका, गेट 11 पर्यंत, तेव्हा साडेसातला आरामात निघा. आम्ही साडेसातला निघालो. साडेदहाच्या सुमारास नाक्यावर पोचलो तेव्हा अडसर पडलेला होता. वर ढग आले होते, आधीचीच रांग घाटात अडकली होती, त्यामुळे मागच्या सगळ्या गाड्या परत पाठवत होते. फोन केला तर पलीकडून उत्तर आलं की वेळ 11 ची आहे, तुम्ही नीट बोलला नसाल. दम्याच्या पेशंटला घेऊन त्या थंडीत उभ्या असलेल्या माणसांना हे उत्तर! पुढे त्यांनी फोन उचललाच नाही. त्यांच्याबद्दल एवढंच पुरे.

तुमच्याशी ओळख नव्हती, देणंघेणं नव्हतं. व्हरांड्यात बाबांची धाप ऐकून तुम्ही थांबलात आणि विचारलंत, उद्या किती वाजता निघणार? भावानं सांगितलं, पाचला गेट उघडतं तर तीनलाच जाऊन रांगेत उभं राहू, पहिला नंबर लावू. तुम्ही मान हलवलीत आणि खुर्ची ओढून बसलात. मग जे समजावलंत ते मला आजही पाठ आहे.

तुम्ही म्हणालात, गेट बंद व्हायच्या वेळेवरून हिशेब करायचाच नाही. ती वेळ रांगेतल्या शेवटच्या गाडीची, आणि ती शेवटची गाडी पलीकडे उतरल्याशिवाय तिकडचं गेट उघडत नाही. म्हणून रांग लांबली, ढग आले, एखादी गाडी रुतली, की इकडचा अडसर आधीच पडतो. कागदावर 11 लिहिलेलं असलं तरी. हिशेब करायचा तो डोंगराचा. द्रासकडून चढ कळतसुद्धा नाही, खिंड सुमारे साडेअकरा हजार फुटांवर असूनही रस्ता पसरट दरीतून जातो. खरी अवघड बाजू पलीकडची, बालटालकडे उतरणारी, एका अंगाला भिंत आणि दुसऱ्या अंगाला खोल दरी. ऊन वर आलं की त्या भिंतीवरचा बर्फ सैल होतो, पाणी सुटतं, दगड निघतात, शैतानी नाल्यासारख्या जागी वरून हिमलोट येतो. तेव्हा दहाच्या आत सोनमर्ग गाठायचं. ताफ्यातून जायला तीन तास धरायचे. म्हणजे सातपर्यंत आपली चाकं अडसराच्या पुढे गेलेली पाहिजेत.

मग भावानं विचारलं, तर पहिलं जाण्यात वाईट काय? यावर तुम्ही जे सांगितलंत ते आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. दिवसा वितळलेलं पाणी रात्री रस्त्यावर गोठतं, डांबरासारखं काळं दिसतं, अंधारात कळत नाही. पहिल्या गाड्या त्या काचेवरून जातात. वीसतीस गाड्या गेल्या की तो थर तुटतो आणि टायरला पकड मिळते. आणि अगदी मागे राहिलं तर पुढे कुठेही गाडी थांबली की सगळ्यांचं थांबणं मागच्याच्या वाट्याला साचून येतं. म्हणून तिसाव्या ते पन्नासाव्या गाडीत असावं. शिवाय तीन वाजता नाक्यावर जाऊन इंजिन बंद करून दोन तास बसलात तर वडिलांची छाती ते सोसणार नाही, असं तुम्ही बाबांकडे बघत म्हणालात. द्रासहून मिनामर्गला गारठलेल्या रस्त्यानं पाऊण तास ते तासभर. तेव्हा साडेचारला निघा, मीही तेव्हाच निघतो, माझ्या मागे राहा.

एवढं सांगून तुम्ही झोपायला गेला असतात तरी मी आयुष्यभर ऋणी राहिले असते. पण मला आभार मानायचे आहेत ते पुढच्या गोष्टीचे.

आम्ही पावणेचारचा गजर लावला होता. साडेतीनला दारावर हलकी टकटक झाली. दार उघडलं तर तुम्ही, कानटोपी घातलेले, हातात टॉर्च. आवाज इतका खाली की बाबा जागे होऊ नयेत. म्हणालात, "बहनजी, अभी सो जाओ. गेट आगे गया है." रात्री घाटात थोडा दगडमातीचा भाग खाली आला होता, सीमेवरचे रस्ते सांभाळणाऱ्या बीआरओची यंत्रं तो काढत होती, आणि पाचचं गेट साडेसहावर गेलं होतं. हे कळवायला तुम्ही त्या थंडीत बाहेरून दगडी जिना चढून वर आला होतात.

लोक उठवायला येतात, आणि तेही पुष्कळच झालं. पण अजून तासभर झोपा हे सांगायला स्वतःची झोप मोडून कोण येतं? बाबांना रात्री दोननंतर कुठे डोळा लागला होता. तो एक तास त्यांना मिळाला. दम्याच्या माणसाला अर्धवट झोपेतून उठवून उणे तापमानात बाहेर काढणं काय असतं हे ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांना ठाऊक आहे. तुमच्या घरीही कोणीतरी असेल का, असं मला सारखं वाटत राहिलं. विचारायचं राहून गेलं.

आणि त्यातही तुम्ही किती नेमका विचार केला होता! गेट दीड तास पुढे गेलं, पण तुम्ही आमचं निघणं फक्त एक तास पुढे ढकललंत, साडेचारचं साडेपाच. दारातच कारण सांगितलंत: उघडायची वेळ सरकली तरी बंद व्हायची 11 च राहिली आहे. सहा तासांच्या गाड्या आता साडेचार तासांत जाणार, म्हणजे रांग दाट होणार. दीड तास झोपलात तर मागे पडाल. अर्धा तास हातात ठेवा. गाडीत बसताना भाऊ मला म्हणाला, आपल्याला ज्यांनी पाठवलं त्यांनी इतका विचार एकदाही केला नव्हता.

द्रासच्या बाहेर पडल्यावर तुम्ही एकदा गाडी बाजूला घेतलीत. आम्ही घाबरलो, पण तुम्ही समोरून येणारी गाडी बघत होतात. परत आमच्या खिडकीशी आलात आणि म्हणालात, समोरून एकही आलेली नाही, म्हणजे काल रात्रीचा पलीकडचा ताफा पूर्ण निघून गेला आहे, रस्ता आपलाच. समोरून गाड्या येत असत्या तर घाई करून उपयोग नव्हता, त्या संपेपर्यंत गेट उघडणारच नाही. इतकी साधी खूण, आणि आदल्या दिवशी नाक्यावर ताटकळलेल्या कोणाला ती माहीत नव्हती.

सव्वासहाच्या सुमारास मिनामर्गला पोचलो. आमच्यापुढे साधारण चाळीसेक गाड्या होत्या. पहाटेपासून थांबलेले लोक हात चोळत बाहेर उभे होते, काचा आतून धुरकटलेल्या. बाबा गाडीतून उतरलेच नाहीत, शाल लपेटून बसून राहिले. रांग सुटली, सातच्या आधी आम्ही अडसर ओलांडला. शैतानी नाल्याच्या अलीकडे पुढची एक गाडी जागीच चाकं फिरवत राहिली, वीसेक मिनिटं सगळे खोळंबले. तुम्ही उतरून तिला ढकलायला गेलात. परत येताना आमच्या काचेवर टिचकी मारून बाबांना अंगठा दाखवलात. ते हसले. आदल्या दिवसापासून पहिल्यांदाच.

पावणेदहाला सोनमर्ग. मी पाकीट काढलं तर तुम्ही हात जोडलेत आणि गाडी वळवून निघूनही गेलात. धन्यवाद म्हणायलासुद्धा धड वेळ दिला नाहीत.

त्या रस्त्यावर माणसं अशी असतात हे मग मला वाटेत जागोजागी दिसत राहिलं. रात्रभर यंत्र चालवून दगड काढणारे बीआरओचे लोक, ज्यांचे चेहरेही आम्ही पाहिले नाहीत. नाक्यावरचा तो तरुण पोलिस, जो प्रत्येक चिडलेल्या माणसाला त्याच शांत आवाजात तेच उत्तर देत होता. दुसऱ्याच्या म्हाताऱ्या बापाची छाती आपल्या हिशेबात धरणारी माणसं अजून आहेत, आणि माझ्या मुलांनी ती ओळखावीत म्हणून मी त्यांना तुमची गोष्ट सांगते.

बाबांनी तुमच्यासाठी एक लोकरीची कानटोपी घेऊन ठेवली आहे, तुमची विरली होती असं त्यांच्या लक्षात होतं. जूनमध्ये भावाचा मित्र लेहला निघाला आहे. त्याला आम्ही सगळा हिशेब लिहून दिला आहे, तुम्ही सांगितला तसाच. द्रासला तो तुम्हाला शोधेल. या वेळी नाही म्हणू नका.

तुमची कायमची ऋणी,
त्या दम्याच्या बाबांची मुलगी