तीन आकडे, एकच वर्ष

महोदय,

दादरच्या अभ्यासिकेत परवा एका मुलीने वही पुढे केली. 2023-24 ची जीडीपी वाढ: जानेवारी 2024 मध्ये 7.3 टक्के, मे महिन्यात 8.2, फेब्रुवारी 2025 मध्ये 9.2. "सर, खरा आकडा कोणता?"

पहिला अंदाज वर्ष संपण्याआधीच येतो. तेव्हा हाती असतात मुख्यतः काही महिन्यांचे औद्योगिक उत्पादन आणि शेअर बाजारातल्या कंपन्यांचे तिमाही निकाल. उरलेले महिने त्यावरून धरतात. सगळ्या कंपन्यांचे वार्षिक ताळेबंद, कारखान्यांची पाहणी, सरकारी हिशेब मागाहून येतात, तसा आकडा सुधारतो. मला खटकते ते वेगळेच: फेरीवाल्यांसारख्या असंघटित धंद्यांची कमाई वर्षानुवर्षे जुन्या पाहणीवरूनच पुढे ओढली गेली.

— एक शिक्षक, दादर, मुंबई