एका दिवसाची कूलिंग-ऑफ मुदत कर्जदाराच्या उपयोगाची नाही: रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांना खुले पत्र

माननीय गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई

महोदय,

वडिलांच्या शस्त्रक्रियेची अनामत रक्कम भरण्यासाठी मी एका ॲपवरून तीस हजार रुपयांचे कर्ज घेतले. दुसऱ्याच दिवशी धाकट्या भावाने पैशांची सोय केली, म्हणून ते कर्ज परत करायला गेलो, तेव्हा ॲपने माझ्याकडे संपूर्ण तीन महिन्यांच्या व्याजासह 31,800 रुपये मागितले. कूलिंग-ऑफ मुदतीत विनादंड कर्ज परत करण्याचा, आपल्याच नियमाने दिलेला हक्क आपल्याच देखरेखीखालच्या कंपनीने कसा मोडला, हे आपणांस कळावे म्हणून हे पत्र आहे.

जाहिरातीत ‘दरमहा फक्त 2 टक्के’ असे लिहिले होते. ही टक्केवारी मूळ रकमेवर सरसकट तिन्ही महिने लावली गेली, म्हणजे व्याज 1,800 रुपये आणि हप्ता 10,600 रुपये झाला. प्रक्रिया शुल्काचे 900, त्यावरील जीएसटीचे 162 आणि मी न मागितलेल्या विम्याचे 438 रुपये आधीच कापून खात्यात 28,500 रुपये जमा झाले. हातात आलेल्या रकमेवर आणि दर हप्त्यागणिक घटणाऱ्या बाकीवर हिशेब केला, तर वार्षिक टक्केवारी दर, म्हणजेच एपीआर, सुमारे 68 टक्के निघतो. कर्जदाराला 24 टक्के वाटावेत आणि भरावे लागावेत 68, हा फरक उघड व्हावा यासाठीच तर मुख्य तथ्य विवरणपत्र, म्हणजे केएफएस, आपण सक्तीचे केले. कर्ज देणाऱ्या संस्थेने त्रयस्थासाठी वसूल केलेला विमाही एपीआरमध्ये धरलाच पाहिजे, असे आपल्या 15 एप्रिल 2024 च्या परिपत्रकात स्पष्ट आहे.

ते विवरणपत्र कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यावे, त्यातील मजकूर समजावून सांगावा आणि सात दिवस किंवा त्याहून अधिक मुदतीच्या कर्जात, त्यातील अटी मान्य करायला किमान तीन कामकाजाचे दिवस द्यावेत, असेही तेच परिपत्रक सांगते. माझ्या मोबाइलवर मात्र इंग्रजीतली पीडीएफ ‘मी सहमत आहे’ या चौकटीमागे दडवलेली होती आणि विचाराला तीन दिवस मिळतात, हे कोणत्याही पडद्यावर लिहिलेले नव्हते. रुग्णालयाच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाने ती सोळा पानांची पीडीएफ कधी आणि कशी वाचावी, हे मला कोणी तरी सांगावे.

आता कूलिंग-ऑफ मुदतीविषयी. या मुदतीत मुद्दल आणि वापरलेल्या दिवसांपुरता एपीआर देऊन कर्जदाराला विनादंड बाहेर पडता येते. माझ्या बाबतीत एका दिवसाचा एपीआर जेमतेम 53 रुपये होतो. माझ्याकडे मागणी झाली ती मात्र पूर्ण 1,800 रुपये व्याजाची, आणि ग्राहक सेवा केंद्राने तिला ‘मुदतपूर्व बंद करण्याची रक्कम’ म्हटले. मी लेखी तक्रार केली. त्यावर उत्तर येईपर्यंत मुदत संपून गेली होती.

महोदय, ही मुदत संपायला इतकी घाई का झाली, याचे उत्तर आपल्याकडेच आहे. 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सात दिवस किंवा अधिक मुदतीच्या कर्जासाठी ती किमान तीन दिवसांची होती. मे 2025 च्या निर्देशांनी तिची किमान मर्यादा एका दिवसावर आणली आणि ती ठरवण्याचे काम कर्ज देणाऱ्या संस्थेच्या संचालक मंडळावर सोडले. ज्याला लवकर पैसे परत गेल्याने तोटा होतो, त्यालाच मुदत ठरवायला सांगितल्यावर तो एकापेक्षा जास्त दिवस का देईल?

त्याच निर्देशांत संस्थेला ‘वाजवी’ प्रक्रिया शुल्क स्वतःकडे ठेवण्याची मुभा आहे, फक्त ते केएफएसमध्ये आधी लिहिलेले असावे. पण ते शुल्क एपीआरमध्ये मुळातच मिसळलेले असते. मग दिवसापुरता एपीआरही घेतला आणि शुल्कही ठेवले, तर त्या शुल्काचा काही भाग दोनदा वसूल होतो. वाजवी म्हणजे किती, हेही कोठे सांगितलेले नाही.

मला सर्वांत जास्त चीड येते ती पुढच्या विसंगतीची. हक्क एका दिवसाचा, आणि तो नाकारला तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाण्यापूर्वी संस्थेच्या उत्तरासाठी तीस दिवस थांबायचे. तोवर पहिला हप्ता खात्यातून कापला जातो, आणि तो अडवला तर थकबाकीची नोंद कर्जदाराच्याच क्रेडिट अहवालात होते. वडील अंथरुणावर असताना मी वसुलीच्या फोनना उत्तरे देत होतो. नियम मोडणाऱ्या कंपनीला त्या काळात कोणी एक प्रश्नही विचारला नाही. ही व्यवस्था तक्रार करणाऱ्याला थकवून गप्प करते.

म्हणून माझी मागणी अशी आहे, की किमान मुदत तीन कामकाजाच्या दिवसांची करावी. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी कर्ज परत केल्यास नेमके किती रुपये भरायचे, ते केएफएसच्या पहिल्याच पानावर कर्जदाराच्या भाषेत छापले जावे. मुदतीत केलेली तक्रार निकाली निघेपर्यंत ती मुदत थांबलेली मानावी आणि हप्त्याची वसुलीही स्थगित राहावी. माझ्याकडून घेतलेले जादा व्याज आणि विम्याचे पैसे परत मिळावेत, ही मागणीही मी सोडलेली नाही.

आपला,
एक कर्जदार