स्वेच्छानिवृत्ती घेताना मेडिक्लेमचाही विचार व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चाकणच्या एका कारखान्यातून मी गेल्या वर्षी ३१ मार्चला, वयाच्या ५४ व्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी आणि शिल्लक रजेचे पैसे यांचा हिशेब मला नीट समजावून देण्यात आला. परंतु आम्हा पती-पत्नीला ११ वर्षे मिळत असलेले ५ लाखांचे ग्रुप मेडिक्लेमचे संरक्षण त्याच दिवशी संपते, हे मात्र कोणी सांगितले नाही.

जूनमध्ये मी नवी पॉलिसी घेतली. प्रस्ताव अर्जात मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही लिहिले, त्यामुळे त्या आजारांसाठी ३६ महिन्यांचा वेटिंग पिरियड लागला. डिसेंबरमध्ये पायाच्या टाचेवरील साधी जखम चिघळली, नऊ दिवस रुग्णालयात काढावे लागले आणि १ लाख ८४ हजारांचे बिल निवृत्तीच्या रकमेतून भरावे लागले, कारण जखम मधुमेहामुळे चिघळली असल्याने दावा नामंजूर झाला. विमा कंपनीला मी दोष देत नाही. ती अट पॉलिसीत स्पष्ट लिहिलेली होती.

खंत वेगळीच आहे. विमा नियामकाच्या नियमांनुसार ग्रुप पॉलिसीतील कर्मचाऱ्याला आणि त्याच्या कुटुंबीयांना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करता येते आणि आधीच्या सलग वर्षांचे श्रेय वेटिंग पिरियडमधून वजा होते, अर्थात आधीच्या विमा रकमेपुरतेच. कंपनी आरोग्य तपासणी मागू शकते, हप्ताही वैयक्तिक दराने पडतो. मात्र अर्ज संरक्षण चालू असतानाच करावा लागतो, आणि सोबत किती सालापासून, किती रकमेचे संरक्षण होते, याचा दाखला लागतो. हे मला कळले तेव्हा जून उजाडला होता.

ज्येष्ठांसाठीच्या पॉलिसी बहुधा ६० व्या वर्षापासून मिळतात, आयुष्मान वय वंदना कार्ड ७० व्या वर्षी. हप्त्यात वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढ करण्यावर २०२५ मध्ये आलेले बंधनही साठीपुढच्यांसाठीच आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजना आता सर्वांना खुली आहे, पण ती ठरावीक उपचारांपुरती आणि यादीतील रुग्णालयांपुरती आहे. मला तातडीने जेथे नेले, ते रुग्णालय त्या यादीत नव्हते.

म्हणून माझी विनंती आहे की स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज मंजूर करतानाच, शेवटच्या दिवसाच्या किमान दोन महिने आधी, विमा संरक्षणाचा दाखला आणि स्थलांतराचा अर्ज कर्मचाऱ्याच्या हाती देणे मालकांवर बंधनकारक करावे. पत्नीच्या डाव्या डोळ्यातील मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आम्ही पॉलिसीला दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत पुढे ढकलली आहे. वेळीच स्थलांतर केले असते, तर ती याच हिवाळ्यात झाली असती.

आपला,
एक वाचक, चिंचवड