फॅरेडेपासून डायनामोपर्यंतची ३५ वर्षे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत विजेच्या इतिहासावर आलेला लेख वाचला. लेख आवडला, पण त्यातल्या एका वाक्यापाशी मी अडलो. फॅरेडेने १८३१ मध्ये तारेच्या वेटोळ्यात चुंबक हलवला आणि जगाला जनरेटर मिळाला, असा त्याचा आशय आहे. शाळेच्या पुस्तकांतूनही मुलांना हेच वाचायला मिळते. माझी तीस-बत्तीस वर्षे इचलकरंजीत मोटारी आणि जनरेटर रिवाइंड करण्यात गेली. त्या अनुभवावरून सांगतो, या वाक्यात मधली ३५ वर्षे गाळली गेली आहेत आणि डायनामो खरा घडला तो त्याच ३५ वर्षांत.

आधी फॅरेडेचे काम जवळून पाहू. २९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने नरम लोखंडाची एक कडी घेतली. कडीचा बाहेरचा व्यास सहा इंच. तिच्या दोन बाजूंना त्याने तांब्याच्या तारेची दोन वेगवेगळी वाइंडिंग केली. त्या काळी इनॅमलची तार बाजारात मिळत नव्हती. त्यामुळे उघड्या तारेच्या वेढ्यांमध्ये त्याने सुतळी घातली आणि प्रत्येक थरावर सुती कापड गुंडाळले. मोटारीच्या स्लॉटमध्ये इन्सुलेशनचा पेपर सारताना मला या कापडाची नेहमी आठवण व्हायची. एका वाइंडिंगला बॅटरी जोडताच दुसऱ्या बाजूची सुई एकदम हलली, थरथरली आणि पुन्हा जागेवर आली. बॅटरी चालू असेपर्यंत ती तशीच शांत राहिली आणि बॅटरी तोडताच उलट्या दिशेला हलली.

सगळी मेख या क्षणभराच्या हालचालीत होती. १८२० मध्ये ओर्स्टेडने विजेमुळे चुंबकसूची हलते हे दाखवले, तेव्हापासून अनेकजण उलट बाजूने प्रयत्न करत होते. स्थिर चुंबकाशेजारी तार ठेवायची आणि तिच्यातून सतत वीज वाहील म्हणून वाट पाहायची, असे ते प्रयत्न होते. जिनिव्हाच्या कोलादाँने १८२५ मध्ये तर वेटोळ्यात चुंबक घालूनही पाहिला. पण चुंबकाचा सुईवर थेट परिणाम नको म्हणून त्याने वीज दाखवणारा गॅल्व्हॅनोमीटर दुसऱ्या खोलीत ठेवला होता. चुंबक आत घालून तो तिकडे चालत जाईपर्यंत सुई हलून परत जागेवर आलेली असे. त्याची काळजीच त्याला नडली. चुंबक नुसता जवळ असून भागत नाही, तारेभोवतीचे चुंबकत्व बदलत राहिले पाहिजे, हे फॅरेडेने ओळखले. १७ ऑक्टोबरला त्याने कागदाच्या नळीवरच्या वेटोळ्यात साडेआठ इंच लांबीचा चुंबक आत-बाहेर करून हे सिद्ध केले. २८ ऑक्टोबरला मोठ्या चुंबकाच्या ध्रुवांमध्ये बारा इंचांची तांब्याची चकती फिरवून त्याने चकतीची कड आणि आस यांच्यामध्ये सतत एका दिशेची वीज मिळवली. पहिला जनरेटर म्हणायचा तर तो हा. पण त्यातून सुई हलण्यापुरतीच वीज मिळत होती.

पुढच्याच वर्षी पॅरिसच्या पिक्सीने हँडल फिरवून चालणारे यंत्र बनवले. दोन स्थिर वेटोळ्यांखाली नालाच्या आकाराचा चुंबक फिरायचा. ध्रुव जवळ येताना वीज एका दिशेने वाहायची आणि दूर जाताना उलट दिशेने. ही उलटसुलट वीज त्या वेळी कोणाच्या कामाची नव्हती, म्हणून अँपिअरच्या सल्ल्याने पिक्सीने आसावर दिशा बदलणारी कळ बसवली. हाच आपला कम्युटेटर. दिशा एक झाली, पण वीज सलग न येता धक्क्याधक्क्याने येत राहिली.

यानंतर यंत्रे मोठी होत गेली आणि तिथेच घोडे अडले. त्यांत वापरलेले चुंबक कायमचे, म्हणजे पोलादाचे होते. पोलादी चुंबक जड असतो, उष्णतेने आणि हादऱ्यांनी उतरत जातो, आणि दुप्पट मोठा केला म्हणून दुप्पट जोर देत नाही. १८५८ मध्ये इंग्लंडच्या साऊथ फोरलँड दीपगृहात होम्सचे यंत्र बसवले तेव्हा वाफेच्या इंजिनावर फिरणाऱ्या, टनांच्या वजनाच्या त्या धुडातून एक आर्क दिवा चालत असे. दीपगृहांच्या संस्थेचा सल्लागार म्हणून म्हाताऱ्या फॅरेडेने ते स्वतः पाहिले. आपल्या शोधाचा उपयोग झालेला त्याला दिसला, पण एवढ्या खर्चात शहर उजळणे शक्य नव्हते.

पोलादी चुंबकाऐवजी विद्युतचुंबक वापरावा, हे उत्तर आज सोपे वाटते. लोखंडी गाभ्यावर वाइंडिंग करून त्यातून वीज सोडली की कितीतरी जास्त जोराचा चुंबक मिळतो. पण ती वीज आणायची कुठून? मँचेस्टरच्या वाइल्डने छोट्या यंत्राची वीज मोठ्या यंत्राच्या फिल्डला, म्हणजे चुंबक तयार करणाऱ्या वाइंडिंगला दिली. खरी गाठ सुटली १८६६ च्या अखेरीस. जर्मनीत वेर्नर सीमेन्स आणि इंग्लंडमध्ये व्हीटस्टन व व्हार्ली या तिघांच्याही हाती जवळपास एकाच वेळी एकच युक्ती आली: यंत्राच्या स्वतःच्याच विजेने त्याचा चुंबक जोरदार करायचा. हंगेरीच्या येडलिकला ती त्याआधीच सुचली होती, पण तिचा गाजावाजा झाला नाही. जानेवारी १८६७ मध्ये सीमेन्सचे टिपण बर्लिनच्या अकादमीत वाचले गेले.

ही युक्ती मी पुस्तकात वाचण्याआधी कामावर शिकलो. तो प्रसंग सांगतो.

भारनियमन थांबल्यावर एका यंत्रमाग शेडमधला जुना जनरेटर दोनेक वर्षे तसाच पडून होता. कार्बन ब्रशचे जुने मॉडेल. एके दिवशी गरज पडली आणि मालकाने इंजिन सुरू केले. इंजिन झकास चालू, पण मीटरवर काटा हलेना. कुणीतरी वाइंडिंग जळाले असे सांगून त्याला मोठा खर्च दाखवला होता. मी जाऊन पाहिले तर वाइंडिंगला जळका वास नव्हता, इन्सुलेशन तपासण्याच्या मेगर मीटरवर इन्सुलेशन नीट होते, ब्रशही टेकत होते. पूर्ण वेगात मीटरवर जेमतेम अर्धा व्होल्ट दिसत होता, चांगल्या यंत्रावर तिथे निदान काही व्होल्ट दिसायला हवेत. लोखंडात उरणारे थोडेसे चुंबकत्व पडून पडून नाहीसे झाले होते. मी मशीन बंद केले, फिल्डच्या वायरी सर्किटमधून काढल्या आणि ट्रॅक्टरची १२ व्होल्टची बॅटरी प्लस-मायनस बघून काही सेकंद फिल्डला लावली. वायरी परत जोडून इंजिन सुरू केले. मीटर क्षणभर खाली रेंगाळला, मग चढत चढत २३० वर जाऊन थांबला. मालक काही न बोलता माझ्याकडे बघत राहिला.

सीमेन्सची युक्ती ती हीच. एकदा चुंबकत्व मिळालेले लोखंड ते पूर्ण सोडत नाही. यंत्र फिरले की त्या शिल्लक चुंबकत्वामुळे आर्मेचरमध्ये, म्हणजे वीज देणाऱ्या वाइंडिंगच्या भागात थोडी वीज तयार होते. ती फिल्डच्या वाइंडिंगला दिली की चुंबक थोडा जोरदार होतो, त्यामुळे वीज थोडी वाढते, आणि हे चक्र स्वतःच चढत जाते. मग ते थांबते कुठे? लोखंडाला पेलवेल तेवढेच चुंबकत्व ते घेते, त्यापुढे वायरमध्ये कितीही करंट वाढवा, फरक फारसा पडत नाही. तिथे व्होल्टेज स्थिरावतो. आणि फिल्डच्या वायरी उलट्या जोडल्या तर तयार होणारी वीज त्या शिल्लक चुंबकत्वालाच मारते आणि काटा चढण्याऐवजी उतरतो. डायनामो दुरुस्त करणाऱ्याने आधी हेच तपासावे, जळाले असे म्हणण्यापूर्वी.

या युक्तीमुळे पोलादी चुंबकांचे ओझे गेले, पण सीमेन्सचे पहिले डायनामो तापू लागले. याचे मूळही फॅरेडेच्याच शोधात आहे. फिरणाऱ्या आर्मेचरचे लोखंड अखंड असेल तर बदलत्या चुंबकत्वाने त्या लोखंडातच वीज फिरू लागते आणि ती नुसती उष्णता होऊन जाते. बेल्जियमच्या ग्रॅमने १८७१ मध्ये पॅरिसमध्ये दाखवलेल्या यंत्रात कडीच्या आकाराचे आर्मेचर होते आणि त्याचा गाभा लोखंडी तारांचा होता, म्हणून वीज गाभ्यात भटकेना. आजच्या मोटारीत पातळ पत्र्यांची थप्पी असते ती याच कारणाने. कडीवर वेटोळ्यांचे अनेक भाग आणि कम्युटेटरला तितक्याच पट्ट्या असल्याने वीज धक्के न देता जवळजवळ सलग मिळू लागली. कडीची कल्पना इटलीच्या पाचिनोत्तीने त्याआधी मांडली होती, पण ती बाजारात आणली ग्रॅमने.

मोटारीचेही सांगायला हवे, कारण आपल्या लेखात ती जनरेटरनंतर आली असे म्हटले आहे. फॅरेडेने १८२१ मध्येच पाऱ्यात बुडालेली तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली होती. १८३८ मध्ये याकोबीने रशियात नेवा नदीवर मोटारीवर नावही चालवली. पण वीज बॅटरीतून येत होती आणि बॅटरीत जस्त झिजत होते. बॉयलरखाली कोळसा जाळण्यापेक्षा हे कितीतरी महाग पडे, म्हणून मोटार तशीच मागे राहिली. १८७३ मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात ग्रॅमचा सहकारी फोंतेन याने एका डायनामोची वीज तारांनी दूरच्या दुसऱ्या डायनामोला दिली. तो मोटार बनून फिरला आणि त्याने पाण्याचा पंप चालवला. यंत्र तेच, फक्त एकाला इंजिन फिरवत होते आणि दुसरा वीज घेऊन पंप फिरवत होता. मोटारीला स्वस्त वीज मिळाली ती डायनामोमुळे.

आपल्या पुरवणीत दुरुस्ती छापता आली तर १८३१ नंतर १८६६ हे साल आणि शिल्लक चुंबकत्वाचा एक परिच्छेद जरूर घ्यावा, ही विनंती. मुलांना प्रयोग दाखवायचा असल्यास सायकलच्या जुन्या डायनामोतला चुंबक बाहेर काढून फिरवून दाखवता येतो. तो मात्र कायमचा चुंबक आहे, सीमेन्सची युक्ती त्यात नाही, हेही त्यांना सांगावे.

आपला नम्र,
एक निवृत्त मोटार वाइंडर, इचलकरंजी