क्रियापद पाहून प्रश्नाची पातळी ठरत नाही : शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

शिक्षक-प्रशिक्षणाच्या टिपणातले नमुना प्रश्नांचे वर्गीकरण सुधारू, असा शब्द आपल्या विभागाने दिला होता. नवे टिपण आले. मुखपृष्ठ बदलले आहे, चूक जशीच्या तशी आहे.

हे वर्गीकरण ज्यावर उभे आहे ती शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांची शैक्षणिक उद्दिष्टांची 1956 ची चौकट 2001 मध्ये सुधारली गेली. तिच्या सहा पायऱ्या म्हणजे स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन आणि निर्मिती. टिपणात प्रत्येक पायरीपुढे क्रियापदांची यादी आहे. भावी शिक्षकाने प्रश्नातले क्रियापद यादीत शोधायचे आणि पातळी लिहून मोकळे व्हायचे. सगळा घोळ इथेच होतो.

‘प्रकाशसंश्लेषणाला प्रकाश लागतो हे दाखवणाऱ्या प्रयोगाचे विश्लेषण करा’ हा प्रश्न टिपणात ‘विश्लेषण’ म्हणून नोंदवला आहे. पण हा प्रयोग पाठ्यपुस्तकात कृती, निरीक्षण आणि निष्कर्षासह छापलेला असतो. तो पाठ करून लिहिला की पूर्ण गुण. मग हे स्मरणच झाले!

आता हाच प्रयोग असा विचारा : ‘एकाने कुंडीतले रोप आधी अंधारात न ठेवताच पानाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला. काही तास उन्हात ठेवून, हरितद्रव्य काढून आयोडीन टाकले, तर दोन्ही भाग निळसर-काळे झाले. यावरून प्रकाश लागत नाही असे म्हणता येईल का? का?’ झाकलेल्या भागात स्टार्च आधीपासूनच होता, म्हणून तो रंग आला आणि हा निष्कर्ष टिकत नाही, हे विद्यार्थ्याला स्वतः शोधावे लागते. हे खरे विश्लेषण, आणि प्रश्नात ‘विश्लेषण करा’ हे शब्दही नाहीत. मात्र शिक्षकाने हेच उदाहरण वर्गात सोडवून दिले असेल, तर हाही प्रश्न पुन्हा स्मरणावर येतो.

म्हणजे पातळी ठरवायला तीन गोष्टी हव्यात : प्रश्न, वर्गात नेमके काय शिकवले आणि गुण कशाला मिळणार. टिपणात फक्त पहिली आहे. कठीण प्रश्न म्हणजे वरची पातळी, हा समजही त्यात ठिकठिकाणी डोकावतो. आडवळणाचे सनसनावळीचे प्रश्न कितीही अवघड असोत, ते स्मरणाचेच.

आमची मागणी मोठी नाही. प्रत्येक नमुना प्रश्नाखाली ‘आधी काय शिकवले आहे’ ही एक ओळ आणि आदर्श उत्तर द्या. दोन प्रशिक्षकांनी स्वतंत्रपणे वर्गीकरण करावे, आणि मतभेद झालेला प्रश्न कारणासह छापावा. शिकायचे ते त्या मतभेदातूनच.

पण व्यवस्थेला हवा असतो भरलेला संविधान तक्ता, म्हणजे प्रश्नपत्रिकेचा आराखडा. प्रत्येक उद्दिष्टाला ठरलेला गुणभार दिसला की तपासणी संपली. त्यामुळे प्रश्न तोच ठेवून ‘सांगा’च्या जागी ‘विश्लेषण करा’ घातले जाते, मार्गदर्शकात तयार उत्तर येते, मुले घोकतात आणि अहवालात उच्चस्तरीय विचारांचे प्रमाण वाढलेले दिसते. हे अहवाल आपल्याच सहीने निघतात, महोदय. टिपणाची पुढची आवृत्ती कोण तपासणार आणि कधी, एवढे तरी लेखी कळवा.

आपला,
एक प्रशिक्षक