निनाद, तुझा मसुदा वाचला

डोंबिवली, रविवार

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला लिंक्डइन प्रोफाइलवरचा स्वतःबद्दलचा मजकूर काल रात्री वाचला आणि आज सकाळी चहाबरोबर पुन्हा वाचला. फोनवर बोलले असते तर तू मधेच ‘हो गं आई, कळलं’ म्हणून विषय संपवला असतास, म्हणून लिहिते आहे. तुझे बाबा म्हणाले, एवढ्याशा मजकुराला पत्र कशाला? त्यांना म्हटलं, औषध कंपनीच्या भरती विभागात २६ वर्षं काढलीत, एवढा तरी हक्क असू दे.

तुझी पहिली ओळ अशी आहे: ‘मी एक मेहनती, ध्येयनिष्ठ आणि संघभावनेने काम करणारा व्यावसायिक असून नव्या क्षेत्रात आव्हानात्मक संधीच्या शोधात आहे.’ यात तू फार्मासिस्ट आहेस हे कळत नाही. सात वर्षं हॉस्पिटलमध्ये काम केलंस हे कळत नाही. ‘नवं क्षेत्र’ म्हणजे कोणतं, तेही नाही. ड्रग सेफ्टी, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्याचं जे काम तुला हवं आहे, तो शब्द मला थेट चौथ्या परिच्छेदात सापडला, आणि तिथपर्यंत मी पोचले ती आई म्हणून. भरतीवाल्याला उघडल्या उघडल्या तीनेक ओळी दिसतात, मोबाइलवर त्याहूनही कमी. पुढचं वाचायचं तर ‘आणखी पाहा’वर बोट ठेवावं लागतं. तू त्या तीन ओळी स्वभाववर्णनात खर्च केल्यास.

त्याच कामात राहणाऱ्या माणसाचं एक वेळ चालून जातं, कारण खाली अनुभवाच्या रकान्यात पदाचं नाव ओळखीचं असतं. क्षेत्र बदलणाऱ्याचं तसं नाही. तुझ्या पदासमोर ‘हॉस्पिटल फार्मासिस्ट’ आहे आणि तुला हवं आहे फार्माकोव्हिजिलन्सचं, म्हणजे ड्रग सेफ्टीचंच, काम. या दोन्हींमधला दुवा दाखवायला तुझ्याकडे हा एवढाच मजकूर आहे. तो तू जोडला नाहीस, तर वाचणारी बाई जोडत बसणार नाही. तिच्यापुढे आणखी शंभर जण असतात. मी असायचे ना त्या खुर्चीत.

परवा मी तुला फोनवर तासभर पिडलं ते उगाच नव्हे. रोजचं काम काय, असं विचारल्यावर तू इंडेंट, स्टॉक, एक्स्पायरी, बिलिंग असं सगळं सांगितलंस. ते तुझं खरं काम आहे, पण नव्या कामाशी त्याचा संबंध थोडा. मग मी विचारलं, वॉर्डात एखाद्या पेशंटला औषधाची रिअ‍ॅक्शन आली तर तू काय करतोस? त्यावर तुझा आवाजच बदलला. व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकच्या त्या पेशंटची गोष्ट तू न थांबता सांगितलीस. एक ग्रॅमची सलाइन किमान तासभर चालायला हवी होती, ती पंचवीस मिनिटांत संपली आणि पेशंटचा चेहरा, मान लालबुंद झाली. सगळे ‘अ‍ॅलर्जी’ म्हणत होते. तू सिस्टरकडून सलाइन सुरू झाल्याची आणि लाली दिसल्याची वेळ घेतलीस, बॅच नंबर उतरवलास, बाकी कोणती औषधं चालू होती ते पाहिलंस आणि हा त्रास वेगामुळे असू शकतो असं डॉक्टरांच्या लक्षात आणून दिलंस. पुढचा डोस सावकाश दिला, तेव्हा काही झालं नाही. मग तू औषधाच्या संशयित दुष्परिणामाचा, म्हणजे सस्पेक्टेड एडीआर फॉर्म भरलास.

बाळा, ड्रग सेफ्टीच्या टेबलावर दिवसभर हेच तर चालतं. ओळखता येईल असा पेशंट, माहिती देणारा माणूस, संशयित औषध आणि झालेला त्रास, या चार गोष्टी असल्या की केस ग्राह्य धरतात. त्यानंतर काय आधी घडलं, काय नंतर, औषध थांबवल्यावर काय झालं, पुन्हा दिल्यावर काय झालं, हे सगळं एका सरळ निवेदनात मांडायचं. तू हे वॉर्डात उभ्याने केलं आहेस. आणि तुझ्या मसुद्यात त्याच्या वाट्याला काय आलं, तर ‘रुग्णसुरक्षेबाबत जागरूक’ एवढे दोन शब्द!

आता आकड्याचं. असे फॉर्म किती भरलेस विचारलं तर म्हणालास ‘चाळीसेक’. रजिस्टर उघडून मोजायला लावलं तेव्हा ४३ निघाले. त्यातल्या १२ फॉर्मची माहिती डॉक्टरांनीच लिहून दिली होती, तू फक्त उतरवलीस. म्हणजे तुझे ३१. प्रोफाइलवर ३१च लिही. ४३ खोटं ठरणार नाही, पण मुलाखतीत कुणी ‘एखाद्या केसची माहिती कशी मिळवलीत’ विचारलं आणि तुझ्या डोळ्यांसमोर नेमका त्या बारांतला कागद आला, तर चेहऱ्यावर दिसतं. आमच्याकडे एकाने ‘ऑडिटचा अनुभव’ लिहिला होता. ऑडिटरने कोणते मुद्दे काढले विचारल्यावर कळलं, की तो त्या दिवशी फायली आत नेऊन देत होता. मुलगा कामाचा होता, पण त्या एका ओळीनंतर त्याच्या बाकीच्या ओळींवरही आम्ही विश्वास ठेवला नाही. तेव्हापासून मी उमेदवाराचं प्रत्येक वाक्य वाचताना ‘यावर मी काय विचारेन’ हे मनात म्हणते. तुझ्या मजकुरावरही तेच करून पाहिलं. ‘ध्येयनिष्ठ’वर मला काहीच विचारावंसं वाटलं नाही.

मी तुझा मजकूर असा लिहिला असता. मराठीत लिहिते, तू तुझ्या इंग्रजीत घाल:

‘हॉस्पिटल फार्मसीत ७ वर्षं काम केल्यानंतर मी फार्माकोव्हिजिलन्सकडे (ड्रग सेफ्टी) वळतो आहे. वॉर्डातल्या औषधांच्या रिअ‍ॅक्शनची माहिती गोळा करून त्यांचे ३१ रिपोर्ट मी स्वतः तयार केले आहेत.

‘प्रत्येक रिपोर्टसाठी नर्सिंग नोंदी, औषधाचा डोस व वेळ, बॅच नंबर आणि सोबतची औषधं तपासून घटनाक्रम लावला, आणि तो उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून पडताळून घेतला. याखेरीज रोजची प्रिस्क्रिप्शन तपासताना डोस आणि औषधांच्या परस्परक्रियेबद्दल डॉक्टरांशी थेट बोलण्याची सवय आहे.

‘या वर्षी फार्माकोव्हिजिलन्सचा चार महिन्यांचा अभ्यासक्रम पूर्ण केला. त्यात केस प्रोसेसिंग, नॅरेटिव्ह लेखन आणि मेडड्रा कोडिंगचा सराव नमुना केसेसवर केला.

‘केस प्रोसेसिंगमध्ये सुरुवातीच्या पदावर काम करायचं आहे. ठाणे, नवी मुंबई किंवा पुणे.’

बस, इतकंच. लिंक्डइन २,६०० अक्षरं देतं म्हणून ती भरायलाच हवीत असं नाही.

काही गोष्टी मी मुद्दाम तशा ठेवल्या आहेत. फार्माकोव्हिजिलन्स आणि ड्रग सेफ्टी हे दोन्ही शब्द पहिल्याच वाक्यात आहेत, कारण भरती करणारे शोधाच्या चौकटीत कधी हा टाकतात, कधी तो. हेच शब्द नावाखालच्या ओळीतही यायला हवेत. तिथे २२० अक्षरं मिळतात आणि तू नुसतं ‘नव्या संधीच्या शोधात’ लिहून ठेवलं आहेस. हे शब्द टाकून कुणी कधी माणूस शोधत नाही. तिथे ‘हॉस्पिटल फार्मासिस्ट, ड्रग सेफ्टीकडे वाटचाल, एडीआर रिपोर्टिंग, बी.फार्म.’ असं काहीतरी घाल. मात्र ‘ड्रग सेफ्टी प्रोफेशनल’ असं लिहू नकोस, अजून तू तो नाहीस. आणि ते जाडजूड सजावटीचे फॉन्ट तू कुठून चिकटवलेस? दिसायला अक्षरं असली तरी ती वेगळीच चिन्हं असतात. शोधात सापडत नाहीत, आणि ज्यांना दिसत नाही त्यांचा वाचून दाखवणारा प्रोग्रामही त्यावर अडखळतो. ते काढ.

‘सराव नमुना केसेसवर केला’ हे वाक्य तुला कमीपणाचं वाटेल. तू विचारलंस ना, सेफ्टी डेटाबेसवर काम केलेलं नाही हे लिहू का? लिहू नकोस. न केलेल्या गोष्टींची यादी कुणी मागितलेली नाही. पण केलेल्या गोष्टीचं माप नीट सांग, म्हणजे वाचणाऱ्याला तुझी पायरी आपोआप कळते. तसाच ‘फ्रेशर’ हा शब्द. पदवी घेऊन काल बाहेर पडलेल्या मुलात आणि तुझ्यात सात वर्षांच्या वॉर्डाचा फरक आहे. तो तू एका शब्दाने पुसून टाकतोस.

नोकरी का बदलतो आहेस याबद्दल तू जे सहा-सात वाक्यांत लिहिलं आहेस, रात्रपाळ्या, स्टोअरमधला तो वाद, वाढ न मिळणं, ते सगळं काढून टाक. खरं आहे, मला माहीत आहे, त्या दिवसांत तुझ्याशी रात्री दोन-दोन वाजता बोलले आहे. पण ते परक्याने वाचायचं नाही. कारण हवंच असेल तर एवढं पुरे: ‘रिअ‍ॅक्शनच्या नोंदी करता करता या कामाची गोडी लागली.’ ते खोटंही नाही.

व्हॅन्कोमायसिनची गोष्ट मात्र प्रोफाइलवर लिहू नकोस, मुलाखतीसाठी राखून ठेव. तिथेही हॉस्पिटल, वॉर्ड, तारीख काही सांगायचं नाही. पेशंटची माहिती जपता येते की नाही, हे त्या खोलीतल्या माणसांना ऐकता ऐकताच कळतं.

आणि एक व्यवहाराचं. तू अजून राजीनामा दिलेला नाहीस. मजकूर बदलण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन, प्रोफाइलमधले बदल ओळखीच्यांना कळवण्याचा पर्याय बंद कर. नोकरी शोधतो आहे ही खूण फक्त भरती करणाऱ्यांना दाखवता येते, पण तुमच्या हॉस्पिटलच्या माणसांपर्यंत ती जाणारच नाही अशी खात्री लिंक्डइनही देत नाही. फोटोभोवतीची हिरवी पट्टी तर सगळ्या जगाला दिसते. ती सध्या लावू नकोस.

बुधवारपर्यंत नवा मसुदा पाठव. आणि रजिस्टर पुन्हा एकदा काढ. त्या ३१ फॉर्मपैकी माहिती अपुरी म्हणून तुझ्याकडे परत किती आले, ते मला मोजून हवं आहे. एखाद-दुसराच असेल तर तेही एक वाक्य घालू, जास्त असतील तर गप्प बसू. मात्र पानांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नकोस, त्यात पेशंटची नावं आहेत. नुसता आकडा कळव.

तुझी,
आई